तीस जणांच्या ओळखीत आपलं नाव

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण व्याख्यानं महिन्याच्या मध्यापासून. मधल्या दिवसांत नव्या विद्यार्थ्यांसाठी ओळखीचा कार्यक्रम असतो. ग्रंथालय दाखवतात, परीक्षेची नोंदणी कशी करायची ते सांगतात, विमा आणि शहरातली नोंदणी यांची आठवण करून देतात. आणि पहिल्याच दिवशी, बहुधा पहिल्याच तासात, सगळ्यांना गोलात बसवून किंवा बाकावरून एकेकाला उभं करून म्हणतात, थोडक्यात आपली ओळख करून द्या. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे एकोणपन्नास हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आता आपलाच आहे. पुण्या-मुंबईतून आणि सांगली-कोल्हापूर-नाशिकमधूनही मुलं तिकडे जातात. अर्ज, व्हिसा, बँकेतलं बंद खातं, भाषेची परीक्षा या सगळ्याची तयारी घरी महिनोन्‌महिने चालते. त्या अर्ध्या मिनिटाची तयारी मात्र कोणी करत नाही. पुढच्या दोन वर्षांत कोणाशी बोलणं होईल, गटात काम करायला कोण बोलावेल, याची सुरुवात बऱ्याचदा तिथेच होते, म्हणून ते अर्धं मिनिट नीट पाहण्यासारखं आहे.

एक उदाहरण घेऊ. स्टुटगार्ट विद्यापीठात जलसंपत्ती अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचा इंग्रजीतून शिकवला जाणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, वारेम या नावाने तो ओळखला जातो. अशा वर्गात आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, युरोप अशा सगळ्या बाजूंची मुलं येतात. समजा त्या वर्गात सांगलीची एक मुलगी आली आहे आणि तिचं नाव आहे जुई विलास पाटील. नाव उदाहरणापुरतं आहे, पण अडचणी अगदी खऱ्या आहेत. खोलीत तीसेक जण आहेत. पाळी आली की ती उभी राहते आणि आपल्याकडे मुलाखतीसाठी पाठ करून घेतात तसं सांगते: माझं नाव जुई विलास पाटील, मी महाराष्ट्रातल्या सांगलीची, मी वालचंदमधून सिव्हिलमध्ये बी.टेक. केलं, मला आठ पूर्णांक सात सीजीपीए होते, माझे वडील शेतकरी आणि आई गृहिणी, मला वाचन आणि प्रवास आवडतो.

यात चूक काहीच नाही. तरीही समोरच्या ब्राझीलच्या किंवा इथिओपियाच्या मुलाच्या हाती काय लागलं ते तपासून पाहू. महाराष्ट्र म्हणजे कुठे, त्याला ठाऊक नाही. वालचंद हे माणसाचं नाव की गावाचं, कळलं नाही. आठ पूर्णांक सात कितीपैकी, हेही समजलं नाही, आणि जर्मन विद्यार्थ्याला तर ते आणखी चमत्कारिक वाटतं, कारण त्याच्या देशात १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे काठावर पास. तिथे आपल्या गुणांचं रूपांतर करायला सूत्र असतं. त्यात मिळू शकणारे सर्वाधिक गुण, उत्तीर्ण होण्यापुरते गुण आणि प्रत्यक्ष मिळालेले गुण मांडून एक ते चारच्या मापावरचा आकडा काढतात. हा हिशेब प्रवेश देताना विद्यापीठाने करून ठेवलेला असतो. वर्गातल्या सगळ्यांना प्रवेश मिळालेलाच आहे, तेव्हा गुण सांगून कोणालाच काही नवं कळत नाही. वाचन आणि प्रवास तर तीसांपैकी वीस जण सांगतात.

ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, यावर मानसशास्त्रात काम झालेलं आहे. माल्कम ब्रेनर या अमेरिकन संशोधकाने १९७३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं गोलाकार बसून पाळीपाळीने शब्द वाचून दाखवत होती. नंतर कोणाला काय आठवतं ते विचारलं, तेव्हा प्रत्येकाला आपल्या पाळीच्या अगदी आधी वाचलेलं सर्वांत कमी आठवत होतं. पाळी जवळ आली की माणूस स्वतःच्या वाक्यात शिरतो आणि कानावर पडतं ते मनात उतरतच नाही. जुईच्या वर्गात याचा अर्थ असा, की तिच्यानंतर ज्याची पाळी आहे त्याने तिचं जवळजवळ काहीच ऐकलेलं नाही. आणि तिने स्वतः आधीच्या माणसाचं ऐकलेलं नाही. यात कोणाचा उद्धटपणा नाही.

दुसरा प्रयोग ब्रिटनमधला, १९८७चा. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय शिकवला. इंग्रजीत बेकर हे आडनावही आहे आणि पाव भाजणारा हा व्यवसायही. उच्चार तोच असूनही माणसाचा व्यवसाय बेकर आहे असं सांगितलं तर ते जास्त लक्षात राहिलं आणि आडनाव बेकर आहे असं सांगितलं तर कमी. कारण उघड आहे. व्यवसाय म्हटला की भट्टी, पीठ, पहाटेचा वास असं काही डोळ्यांपुढे येतं. नुसत्या नावाला असं काही चिकटलेलं नसतं. बेकर हे आडनाव इंग्रजांच्या रोजच्या कानावरचं, तरी ही गत. मग जुई आणि पाटील हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते नुसते सांगून लक्षात राहतील, ही अपेक्षाच करायला नको. नावाच्या जोडीला चित्र उभं करणारी एक गोष्ट द्यावी लागते आणि नाव एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी असं दोनदा यावं लागतं.

आता नावाकडेच वळू, कारण मराठी मुलांची खरी अडचण तिथे सुरू होते. आपलं नाव तीन पदरी, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. त्यामुळे वडिलांचं नाव बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून दुसऱ्या रकान्यात बसतं. विद्यापीठ तेच उचलतं. मग हजेरीच्या यादीत ‘जुई विलास’ हे तिचं पहिलं नाव होतं. जर्मनीत दोन पहिली नावं असणं नेहमीचंच आहे, तेव्हा तिथल्या कार्यालयाला यात वावगं काही दिसत नाही. ओळखीच्या तासाला यादी वाचणारा तिला जुई विलास अशी हाक मारतो, क्वचित नुसतं विलासही म्हणतो, आणि मुलगी गोंधळते. त्यातून तो जर्मन पद्धतीने वाचतो. जर्मनमध्ये जे या अक्षराचा उच्चार य असा होतो आणि व्ही बहुतेक ठिकाणी फ होतो. स्टुटगार्ट विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा परिसर ज्या उपनगरात आहे त्याचं नाव इंग्रजी वळणाने वाचलं तर वायहिंगन होईल, तिथले लोक म्हणतात फायहिंगन. त्याच नियमाने जुई विलासचं होतं युई फिलास. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतली मुलं जे ख सारखा उच्चारतात, त्यांच्या तोंडी ती खुई होते. शब्दाच्या सुरुवातीचा एस जर्मन माणूस स्वरापूर्वी झ सारखा म्हणतो, म्हणून सायलीची झायली आणि समीरचा झमीर होतो. फ्रेंचमध्ये एच उच्चारतच नाहीत, तिथे हेमंतचा ह जातो.

यावर उपाय यादी वाचली जाण्याआधी करायचा असतो. आपली पाळी आली की सर्वांत आधी फक्त हाकेचं नाव सांगावं, सावकाश, दोन तुकड्यांत: जु, ई. मग एक आधार द्यावा. इंग्रजीतून बोलणाऱ्या वर्गात ‘जुलैमधला जु’ असं सांगितलं की जवळपास सगळ्यांना उच्चार सापडतो, कारण इंग्रजी जुलै सगळ्यांनी शिकलेला असतो. त्यानंतर यादीतलं दुसरं नाव वडिलांचं आहे, हे एका वाक्यात सांगून टाकावं. ते सांगताना संकोच नको. त्याच खोलीत असे बरेच जण असतात, ज्यांना हे लगेच कळतं. रशियन माणसाच्या नावातही मधलं नाव वडिलांवरून बनलेलं असतं. इथिओपियन विद्यार्थ्याला तर आडनावच नसतं. त्याचं दुसरं नाव वडिलांचं, तिसरं आजोबांचं. इंडोनेशियात एकच नाव असलेली माणसं कितीतरी आहेत, आणि दोन रकाने भरताना त्यांना आपल्याहून जास्त त्रास होतो. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. चिनी नावात घराण्याचं नाव आधी येतं, त्यामुळे यादीत ते उलटसुलट झालेलं असू शकतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नावही लागणार आहे. ती मुलं वीस-बावीस वर्षांनी अशा खोलीत उभी राहतील, तेव्हा त्यांना चार पदर समजावून सांगावे लागतील.

काही जण सोय म्हणून नाव छोटं करतात किंवा एखादं इंग्रजी नाव घेतात. ज्याचा त्याचा निर्णय आहे. माझ्या मते मात्र पहिल्याच दिवशी ते करू नये. एकदा वर्गाने दुसरं नाव उचललं की बदलत नाही, आणि लोकांना खरं नाव शिकण्याची इच्छा असते, त्यांना फक्त दोन सेकंद जास्त हवे असतात.

नावानंतर गाव. महाराष्ट्र हे नाव परदेशी ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असतं, मुंबई बहुतेकांना. स्टुटगार्टमध्ये तर मुंबई म्हणायला खास कारण आहे, कारण १९६८पासून ही दोन शहरं एकमेकांची भगिनी शहरं आहेत. पण ‘मुंबईजवळ’ म्हणून सांगलीला पुसून टाकण्यात काही अर्थ नाही. जुई पाण्याचा अभ्यास करायला आली आहे आणि तिचं गाव कृष्णेच्या काठावर आहे. तिच्या ओळखीचा सगळा जीव तिथेच आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तिथून फार लांब नाही, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. पाण्याचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही हे ऐकताच नकाशा बघावासा वाटतो.

आणि मग महापूर. सांगलीत नदीची पातळी १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी मोजतात. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. सांगलीतल्या शाळकरी मुलालाही हे आकडे पाठ असतात. पण परदेशी वर्गात फूट चालत नाहीत, आणि पुलापाशी ५७ फूट पाणी म्हणजे किती, हेही कोणाला उमगणार नाही. तिथे फरक सांगायला हवा: धोक्याच्या खुणेपेक्षा साडेतीन मीटरहून अधिक पाणी. एवढं म्हटलं की खोलीतल्या प्रत्येकाला ते स्वतःच्या उंचीशी ताडून बघता येतं. लाख आणि कोटी यांचंही तसंच आहे. भारत आणि शेजारचे देश सोडले तर हे शब्द कोणाला कळत नाहीत. पाच लाख म्हणायचं असेल तर अर्धा दशलक्ष म्हणावं.

आता जुईची ओळख पुन्हा लिहून पाहू. ती बोलणार इंग्रजीत, आशय असा असेल:

‘नमस्कार, मी जुई. जुलैमधला जु, आणि मग ई. यादीत तुम्हाला जुई विलास दिसेल. विलास हे माझ्या वडिलांचं नाव, मला नुसतं जुई म्हणा. मी सांगलीची, भारताच्या पश्चिमेला, मुंबईहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. आमची नदी कृष्णा. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती धोक्याच्या खुणेच्या साडेतीन मीटर वर आली आणि आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला. तेव्हा मी शाळेत होते. वरच्या धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचं हे कसं ठरवतात, तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, आणि तो शिकायला मी इथे आले. मी सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आहे. तुमच्यापैकी कोणाच्या गावात पूर येत असेल तर मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी जुई.’

सावकाश बोललं तरी याला मिनिटभराच्या आतच वेळ लागतो. यात वाचन आणि प्रवास नाही, गुण नाहीत, कॉलेजचं नावही नाही. ते नंतर कोणी विचारलं की सांगता येतं. पण शेवटून दुसऱ्या वाक्याने खोलीत काय होतं ते बघा. २०२१च्या जुलैत जर्मनीच्या आर नदीच्या खोऱ्यात अचानक आलेल्या पुराने शंभराहून अधिक माणसं गेली, जर्मन विद्यार्थ्याला ते आठवतं. पाकिस्तानच्या मुलाला २०२२ आठवतं. दक्षिण ब्राझीलच्या मुलाला २०२४चा मे महिना आठवतो, तेव्हा पोर्तो अलेग्रे शहर पाण्याखाली गेलं होतं. बांगलादेशच्या मुलीला तर वर्ष आठवायचीही गरज नाही. मधल्या सुट्टीत हे चौघे जुईकडे येण्याची शक्यता गुण ऐकून येण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

याला मर्यादाही आहे आणि ती जुईला ठाऊक असायला हवी. सांगलीच्या पुराची गोष्ट आली की खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाचा विषय येतो आणि महाराष्ट्र-कर्नाटक वादाला तोंड फुटतं. नदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या खोलीत अनेकांच्या अंगावर येणारा असतो. इजिप्त, सुदान आणि इथिओपिया या तीन देशांची मुलं एकाच बाकावर असू शकतात, आणि नाईलवरच्या धरणाबद्दल त्यांची मतं टोकाची वेगळी असू शकतात. ओळखीच्या मिनिटात प्रश्न सांगावा, दोष कोणाचा ते सांगू नये. ते पुढे वर्गात आकडेवारीसह मांडायला दोन वर्षं आहेत. दुःखाचंही तसंच. पुरात घरचं माणूस गेलं असेल तर ते पहिल्या दिवशी तीस अनोळखी लोकांसमोर उघड करण्याची सक्ती कोणावरच नाही.

बोलण्याच्या इंग्रजीची धास्ती सगळ्यांनाच असते. इथे जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांचं २००० सालचं पुस्तक उपयोगी पडतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशी माणसं एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा नेमकं कुठे कळेनासं होतं, हे त्यांनी तपासलं. आपल्याकडे ज्याच्यासाठी शिक्षक ओरडतात, त्या दातांमधून काढायच्या इंग्रजी ‘थ’वाचून काहीच अडत नव्हतं. अडत होतं ते व्यंजनं गाळल्याने, ऱ्हस्व-दीर्घ स्वर मिसळल्याने आणि वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावर जोर न दिल्याने. आपली मुलं इंग्रजी सहज बोलतात, पण भरभर आणि एकाच पातळीवर बोलतात. सांगलीतलं इंग्रजी लिमा आणि हनोईमधून आलेल्या कानांना नवं असतं. तेव्हा सूर बदलण्याची गरज नाही. गावाच्या नावाआधी थोडं थांबावं, नदीच्या नावावर जोर द्यावा, आणि संक्षिप्त रूपं सोडून द्यावीत. बोलून झाल्यावर जर्मन मुलांनी बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक केली तर दचकू नये, तिथल्या वर्गांत टाळ्यांऐवजी तसं करतात.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याच लोकांसाठी आहे. त्या खोलीत आणखी चार-पाच भारतीय असतात, आणि ते हीच ओळख वेगळ्या कानांनी ऐकतात. बाकीच्यांना पाटील हा नुसता आवाज असतो. भारतीय कान मात्र आडनावात जात शोधतो. पाटील आडनाव अनेक जातींत आहे, म्हणून तिथे तो थबकतो आणि मग पुढचे प्रश्न सुरू होतात: मूळ गाव कुठलं, घरी काय खाता, प्रवेश कशातून मिळाला. काही मुलं ओळख करून देताना पहिल्या नावावर थांबतात आणि आडनाव घेतच नाहीत. त्यांना ते विचारू नये, यादीत बघून इतरांना सांगू तर मुळीच नये. ज्या शोधापासून सुटका व्हावी म्हणून कोणी सात हजार किलोमीटर आलं असेल, तो शोध आपण तिथे पुन्हा सुरू करणं हा अन्याय आहे. आडनाव अभिमानाने घेणारे असतील तर तेही तितकंच रास्त. वय, लग्न, धर्म, घरचं उत्पन्न हेही पहिल्या दिवशी विचारायचे विषय नाहीत, आणि कोणी आपल्याबद्दल कोणतं सर्वनाम वापरावं ते सांगितलं तर तेवढं लक्षात ठेवावं.

सगळ्यांची ओळख झाली की कॉफीची सुट्टी होते आणि भारतीय मुलं भारतीयांकडे, चिनी मुलं चिन्यांकडे सरकतात. नव्या देशातल्या पहिल्या आठवड्यात ते अगदी स्वाभाविक आहे. पण ब्रेनरचा प्रयोग लक्षात घेतला तर त्या पंधरा मिनिटांत आधी जायला हवं ते दोघांकडे. आपल्या आधी बोललेल्याचं आपण ऐकलेलं नाही, नंतर बोललेल्याने आपलं ऐकलेलं नाही. पहिल्याला सरळ म्हणावं, माझी पाळी येणार होती, त्या नादात तुझं नाव निसटलं, पुन्हा सांगशील का. त्याने सांगितलं की त्याच्यासमोरच म्हणून दाखवावं, त्याने सुधारलं तर पुन्हा म्हणावं. त्याच संध्याकाळी वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट बनतो. तिथे नंबर साठवताना यादीतलं लांब नाव न टाकता त्याने स्वतः सांगितलेलं हाकेचं नाव टाकावं, उच्चार देवनागरीत लिहावा आणि पुढे त्याच्या नदीचं किंवा गावाचं नाव जोडावं. देवनागरीत लिहून ठेवलेला उच्चार दुसऱ्या दिवशी वाचतानाही तसाच येतो. रोमन अक्षरांत तो कोणत्या देशाच्या वळणाने वाचायचा, हा प्रश्न शिल्लक राहतो.